वाऱ्यात कैचीचा खालचा अँगल

मे महिना सरत आला की गोव्यातल्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. वादळी वारा आला, माड आडवे झाले, वीज गेली आणि अमुक गावात शेडचे पत्रे उडाले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा अशा बातम्यांनी पानेच्या पाने भरली होती. एवढे वाचूनही शेड बांधणारा माणूस विचारतो तो एकच प्रश्न: छप्पर वजन पेलेल ना?

माझ्या मावसभावानेही तेच विचारले. डिचोलीजवळ त्याला ग्रिल-गेटच्या कामासाठी शेड घालायची आहे. चिऱ्याच्या भिंती, समोर मोठे रोलिंग शटर, वर पत्रा. फॅब्रिकेटरने कैचीचे, म्हणजे पत्रा तोलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचे, चित्र खडूने फरशीवर काढून दाखवले होते आणि भावाने त्याचा मोबाइलवर फोटो काढून आणला होता. "दादा, पावसाचे पाणी जड असते, म्हणून अँगल जाड घेऊया का?" पाऊस जोरदार पडतो हे खरे, पण एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक किलो. उतरत्या पत्र्यावर ते साचत नाही, काही मिलिमीटरचा थर वाहत राहतो. पावसाने पत्रा गंजतो, कैची मोडत नाही.

आता ते चित्र पाहू. दोन भिंतींमधले अंतर ८ मीटर, मधली उंची २ मीटर. दोन्ही बाजूंना तिरपे अँगल, खाली आडवा अँगल, मधोमध एक उभा. प्रत्येक तिरप्याच्या मध्यापासून खालच्या अँगलच्या मध्यापर्यंत एकेक टेकू. ४ मीटर आडवे गेल्यावर २ मीटर चढ, म्हणजे उतार १ ला २ आणि कोन साडेसव्वीस अंशांहून किंचित जास्त. पायथागोरसने तिरप्याची लांबी ४.४७२ मीटर येते. टेकू २ मीटर आडवा आणि १ मीटर उभा जातो, म्हणून तो २.२३६ मीटर, तिरप्याच्या बरोबर निम्मा, आणि त्याचा कोनही तोच. शिखरावर दोन तिरप्यांमधला कोन १२७ अंशांना जरासा कमी.

फॅब्रिकेटरने ४.४७२ चे सरळ साडेचार मीटर केले होते. "२८ मिलिमीटरने काय होते?" पुन्हा पायथागोरस लावला तर शिखर २.०६ मीटरवर जाते. २८ मिलिमीटरची चूक वर जाईपर्यंत ६२ ची होते, कारण उतार जितका सपाट तितकी तिरप्याच्या लांबीतली चूक उंचीत मोठी होऊन उतरते. मग २ मीटरचा मधला उभा शिखराला पोचत नाही. साइटवर तो हातोड्याने ओढून वेल्ड होतो आणि कैची वाकडेपणा घेऊनच वर चढते. फरशीवर पूर्ण मापाचे चित्र काढायची पद्धत उत्तम आहे, फक्त रेघ अँगलच्या कडेची नको, मध्यरेषेची हवी. जोडाला येणाऱ्या सगळ्या मध्यरेषा एकाच बिंदूत मिळायला हव्यात. त्या दोन बोटे इकडेतिकडे झाल्या तर सांध्यात ओढाताणीबरोबर वाकवणारा जोरही येतो.

हे झाले की माझ्या आवडीचा भाग येतो. कैच्या दर ३ मीटरवर आहेत. पत्रा, त्याखालच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पर्लिन, आणि कैचीचे स्वतःचे वजन मिळून चौरस मीटरला २० किलो, आणि दुरुस्तीला चढणारी माणसे वगैरे मिळून आणखी ४० धरले. शिखर आणि दोन तिरप्यांचे मध्य, या तीन जोडांवर प्रत्येकी २ गुणिले ३, म्हणजे ६ चौरस मीटरचा, ३६० किलो भार येतो. दोन्ही टोकांना निम्मा, १८० किलो. एकूण १४४०, म्हणून प्रत्येक भिंत ७२० किलो उचलते.

टोकाच्या जोडाकडे बघा. भिंत ७२० ने वर ढकलते आहे, त्यातले १८० तिथल्याच भारात जातात, उरतात ५४०. हा जोड जागचा हलत नाही, म्हणजे तिरप्याने ५४० खाली ढकलले पाहिजे. उतार १ ला २ असल्याने तिरपा ५४० खाली ढकलताना त्याच्या दुप्पट, १०८० किलो, बाहेर ढकलतो. ते बाहेर ढकलणे कोण अडवणार? खालचा आडवा अँगल. तो १०८० किलोने ताणला जातो, आणि तिरप्यात सुमारे १२०७ किलोचा दाब येतो. कागदावर १०० किलोला एक सेंटिमीटर धरून ५.४ सेंटिमीटरची उभी रेघ काढा. तिच्या एका टोकातून तिरप्याला समांतर, दुसऱ्यातून खालच्या अँगलला समांतर रेघ ओढा. जो त्रिकोण होईल त्याच्या बाजू मोजल्या की हीच उत्तरे मिळतात. असे एकेक जोड घेऊन त्रिकोण एकमेकांना जोडत जायची पद्धत मॅक्सवेलने १८६४ मध्ये मांडली. विद्युतचुंबकत्वाची समीकरणे देणारा तोच मॅक्सवेल.

याच पद्धतीने पुढे गेलो की टेकूंमध्ये प्रत्येकी सुमारे ४०० किलो दाब येतो, आणि मधल्या उभ्यात ३६० किलो ताण. होय, ताण. जवळजवळ प्रत्येक माणूस त्याला खांब समजतो, शिखर तोलून धरणारा. प्रत्यक्षात तो शिखराला टांगलेला आहे आणि दोन्ही टेकू खाली दाबत असलेला जोड वर उचलून धरतो. जुन्या लाकडी कैच्यांत या उभ्याच्या तळाशी खालच्या वाशाला कवेत घेणारी लोखंडी पट्टी ठोकलेली दिसते. जुन्या मेस्तांना हे नक्कीच ठाऊक होते, नाहीतर नुसत्या टेकलेल्या खांबाला पट्टी कशाला?

इथपर्यंत सगळे छान. खालच्या अँगलला फक्त ताण असेल तर ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचा साधा अँगल पुरून उरतो. तो ताणात चौदा टनांच्या आसपास पोचेपर्यंत ओघळत नाही. आपल्याला हवे एकच टन. फॅब्रिकेटरने तोच दिला होता आणि त्याचे गणित वजनापुरते बरोबर होते.

पण पत्रे खाली पडत नाहीत, उडतात. भारतीय मानकात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटरचा झोत. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणले की दाब न्यूटनमध्ये मिळतो, त्याला ९.८१ ने भागले की किलोत: चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. वारा आढ्याला समांतर वाहतो तेव्हा छपराच्या कडेला तो पत्र्यापासून सुटतो आणि वर कमी दाब तयार होतो, या दाबाच्या साधारण ०.७ पट. त्याच वेळी शटर उघडे असेल तर वारा आत शिरून पत्र्याला खालून ०.५ पट ढकलतो. दोन्ही मिळून १.२ पट, म्हणजे ११२ किलो. मानकातले सवलतीचे गुणक लावून मी ९० धरले, थोडे कडकच. शेड सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या पठाराच्या, कडेला असेल तर हा आकडा वाढतो, कारण चढ चढून येणारा वारा वेग घेतो.

पत्र्याचे व कैचीचे २० किलो वजा केले तरी ७० किलो वरच्या दिशेने उरतात. पुन्हा तेच जोड सोडवले. फरक इतकाच की वाऱ्याची ओढ पत्र्याला काटकोनात असते, त्यामुळे थोडी ओढ बाहेरच्या बाजूलाही येते. निकाल असा: तिरपे दाबाऐवजी ताणात जातात, मधला उभा ५५५ किलोच्या दाबात येऊन एकदाचा खरा खांब होतो, आणि खालच्या अँगलमध्ये ११२५ किलोचा दाब येतो. आकडा जवळपास तोच, दिशा उलटी.

दोरी ओढली तर टन उचलते, ढकलली तर वाकते. लांब, सडपातळ अँगलचेही तसेच आहे. तो चिरडण्याच्या खूप आधी बाजूला फुगतो, आणि फुगण्याचा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. लांबी दुप्पट झाली की ताकद चौथाई. ऑयलरच्या सूत्राने ५० बाय ५० बाय ६ चा अँगल ४ मीटर लांबीत, त्याच्या सर्वांत दुबळ्या अक्षावर, सुमारे ६७० किलोला फुगतो. चौदा टन ओढणारा तुकडा दाबात ११२५ ला पुरत नाही. शिवाय ४ मीटर तरी कुठे आहेत? मधला जोड खालच्या अँगलला वरखाली हलू देत नाही, पण बाजूला सरकण्यापासून कोण रोखतो? कैच्या एकमेकींना खालच्या मध्याशी जोडलेल्या नसतील तर बाजूच्या फुगण्यासाठी लांबी सरळ ८ मीटर धरावी लागते.

वादळानंतर पडलेली शेड पाहायला मिळाली तर हे ओळखता येते. तिरपे बऱ्यापैकी सरळ आणि खालचा अँगल धनुष्यासारखा एका बाजूला वळलेला दिसला, तर छप्पर वजनाने नव्हे, उचलले जाऊन मोडले आहे.

उपाय महाग नाही. त्या अँगलऐवजी ६० बाय ६० बाय ३ ची चौकोनी नळी घेतली. मीटरला एक किलोही जास्त वजन नाही, पण पोलाद मध्यापासून दूर गेल्याने ४ मीटरवरचा फुगण्याचा भार ४६०० किलोंच्या पुढे जातो. खरी नळी आधीपासून थोडी वाकलेली असते, म्हणून मानक यापेक्षा बरेच कमी धरू देते, तरी पुरते. आणि शेडच्या लांबीभर, खालच्या मध्य-जोडांना ओवणारी एक नळी, जी टोकाच्या भिंतींना घट्ट बांधलेली असेल. तीच ८ चे ४ मीटर करते. तिच्याशिवाय ही जाड नळीही ११७० किलोच्या आसपास येऊन काठावर उभी राहते.

मध्येच भावाने सांगितले की कुणीतरी कैच्यांची संख्या विषम ठेवायला सांगितले आहे, शुभ असते म्हणून. शेडची लांबी १२ मीटर, दर ३ मीटरला कैची, म्हणजे टोकांसकट पाच. आपोआप विषम झाल्या, म्हणून मी वाद घातला नाही. पत्रेवाल्याच्या "वादळरोधक" पत्र्यावर मात्र घातला. पत्रा कितीही चिवट असला तरी त्याला लागलेला वारा स्क्रूतून पर्लिनला, पर्लिनमधून कैचीला आणि कैचीतून भिंतीला जायचाच. चिवट पत्रा फाटत नाही, म्हणजे ती ओढ पुढच्या कडीपर्यंत पुरेपूर पोचवतो.

आणि शेवटची कडी भिंतीत असते. वाऱ्याच्या हिशेबात कैचीचे प्रत्येक टोक ८४० किलोने वर ओढले जाते. चित्रात तिथे दोन बोल्ट दाखवले होते, सर्वांत वरच्या चिऱ्यात. एका चिऱ्याचे वजन तीसेक किलो, आणि त्याला खालच्या चिऱ्याशी धरून ठेवतो तो नुसता सिमेंटचा थर, जो ओढीत फारसा टिकत नाही. आता भिंतीत कैचीखाली काँक्रीटचे खांब येणार आहेत आणि बोल्ट त्यांच्या सळ्यांना बांधून पायापर्यंत नेणार आहेत. भावाला कैचीपेक्षा या खांबांचा खर्च जास्त टोचला. "छप्पर वरून खाली धरायला पाया?" तो म्हणाला, आणि फोटोतल्या खडूच्या बोल्टवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिला.