हृदयाच्या आकृतीतल्या रेषा आणि बाण शब्दांत कसे आले: पार्श्वभूमी

विज्ञानाच्या पुस्तकातल्या एका पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो येतो. पानावर हृदयाचा उभा छेद आहे, दोन्ही बाजूंना नावांची रांग, प्रत्येक नावापासून आकृतीत शिरलेली बारीक रेषा आणि नलिकांच्या आत रक्ताची दिशा दाखवणारे बाण. जिला ही आकृती दिसत नाही अशा विद्यार्थिनीसाठी तिचा मजकूर करायचा असतो. नावे उतरवून काढणे सोपे आहे. कोणते नाव कोणत्या भागाचे, हे चुकू न देणे कठीण आहे. त्यातही हे काम करणाऱ्यांमध्ये एका नियमावरून जुना मतभेद आहे: चित्रात दिसते तेवढेच लिहायचे, की चित्राने जे सांगायचे आहे ते लिहायचे?

नाव आणि भाग यांची जोडणी पूर्वी चित्रातच रेषेने होत नसे. 1543 मध्ये बासेलला छापलेल्या शरीररचनेच्या प्रसिद्ध ग्रंथात अवयवांवर फक्त अक्षरे आहेत, आणि त्या अक्षरांची सूची शेजारच्या मजकुरात. सूचीत नुसते नाव नसे, तो भाग कशाला चिकटला आहे, कुठून निघतो हेही असे. म्हणजे अर्धे वर्णन तिथेच तयार होते. 1858 मध्ये लंडनला निघालेल्या एका पाठ्यपुस्तकात नावे थेट अवयवांवरच छापली, धमनीचे नाव धमनीच्या अंगाने वळत गेले. विद्यार्थ्याची नजर सूचीकडे आणि परत अशी हेलपाटत राहू नये, हा त्याचा फायदा. शालेय पुस्तकांत मात्र रूढ झाली ती तिसरी रीत: नाव बाहेर, भाग आत, आणि दोघांमध्ये रेषा. आपण सगळ्यांनी ‘नामनिर्देशित आकृती काढा’ या प्रश्नाला पट्टी लावून अशाच रेषा ओढल्या आहेत. या रीतीत जोडणीचा सगळा भार त्या एका रेषेवर आला, आणि रेषा वाचून दाखवता येत नाही.

कॅसेटवर पुस्तके वाचून देण्याच्या काळात यावर उपाय नव्हता. वाचक ‘आकृती 5.2, हृदयाची रचना’ एवढे म्हणून पुढे जाई, किंवा नावे वरून खाली वाचून टाकी. उठावाच्या आकृत्यांनी मदत केली, पण तिथे जागेची अडचण होती. ‘आंतरजवनिका पडदा’ हे नाव ब्रेलमध्ये सुमारे 15 अक्षरांची जागा घेते, म्हणजे जवळजवळ 9 सेंटीमीटर. तेवढ्यात अर्धे हृदय मावते. त्यामुळे उठावाच्या आकृतीत पुन्हा एकेक अक्षर आणि वेगळी सूची आली. 1543 ची रीत बोटांच्या सोयीसाठी परत आली, हे मला फार सुंदर वाटते.

संगणकाच्या पानांवर चित्राला पर्यायी मजकूर देण्याची सोय 1990 च्या दशकात झाली. 1995 च्या एचटीएमएल 2.0 मध्ये `alt` होते, पण ते एका ओळीपुरते. लांब वर्णनासाठी 1997 मध्ये `longdesc` आले. ते फार थोड्यांनी वापरले, अनेकांनी चुकीचे वापरले. मग ते ठेवायचे की काढायचे यावर कित्येक वर्षे वाद झाला. 2014 च्या एचटीएमएल 5 मध्ये ते नव्हते, आणि 2015 मध्ये स्वतंत्र जोड म्हणून परत आले. त्या वादाचा सगळा भर वर्णन कुठे ठेवायचे यावर होता. वर्णनात काय लिहायचे हा प्रश्न त्यामुळे मागे पडला, आणि ते उत्तर दुसऱ्याच क्षेत्रातून उसने आले.

ते क्षेत्र म्हणजे नाटक आणि चित्रपट. 1980 च्या दशकात अमेरिकेत रंगमंचावर काय चालले आहे ते कानात सांगणारे ध्वनिवर्णन सुरू झाले. तिथला पहिला धडा असा: जे दिसते ते सांगा, अर्थ प्रेक्षकाला लावू द्या. ‘ती दुःखी झाली’ म्हणू नका, ‘तिने मान खाली घातली’ म्हणा. नाटकासाठी हा नियम योग्यच आहे, कारण अर्थ लावण्याचा हक्क प्रेक्षकाचा असतो. पुढे विज्ञानाच्या आकृत्यांची वर्णने लिहिणारे अनेक जण याच शिस्तीत तयार झाले. आधी थोडक्यात सांगावे, मग तपशिलात उतरावे, नीट क्रम लावावा, अशा चांगल्या सवयींबरोबर ‘दिसते तेच’ हा नियमही त्यांनी आकृत्यांना लावला.

आपल्याकडे हा प्रश्न रोजचा झाला तो 2012 नंतर. त्या वर्षीच्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीमुळे अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करणे परवानगीवाचून शक्य झाले. 2014 मध्ये याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय करार मान्य करणारा भारत हा पहिला देश ठरला. तोपर्यंत प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असलेला फोन आला होता. पाने स्कॅन करून येण्याऐवजी फोटो होऊन येऊ लागली आणि देवनागरी अक्षरे ओळखणारी साधनेही सुधारली. अडचण तिथूनच सुरू झाली.

अक्षरे ओळखणारे साधन ओळ आडवी वाचते. हृदयाच्या आकृतीत डावीकडची आणि उजवीकडची नावे एकाच उंचीवर असतात, त्यामुळे मजकूर असा निघतो: ‘ऊर्ध्व महाशिरा महाधमनी’, खाली ‘उजवी कर्णिका फुप्फुस शिरा’. ऐकणारी विद्यार्थिनी स्वाभाविकच समजते की फुप्फुस शिरा उजव्या कर्णिकेत उघडते. ती उघडते डाव्या कर्णिकेत. एकही अक्षर चुकलेले नसताना आकृती खोटी झाली.

आता माणसाने हेच काम ‘दिसते तेच’ या नियमाने केले तर काय होते ते पाहू. हृदयाची आकृती समोरच्या माणसाची असते, म्हणून शरीराची उजवी बाजू पानाच्या डाव्या हाताला येते. नियम पाळणारा लिहितो, ‘डावीकडे वर उजवी कर्णिका, उजवीकडे वर डावी कर्णिका.’ पाहणाऱ्याला हे खटकत नाही. ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्यात दोनदा उलटे वळावे लागते. दुसरी अडचण याहून मोठी आहे. फुप्फुसांकडून चार शिरा येतात, प्रत्येक बाजूने दोन. उजव्या फुप्फुसाच्या दोन शिरा उजव्या कर्णिकेच्या मागून जाऊन डाव्या कर्णिकेत शिरतात. सपाट आकृतीत मागचे दिसत नाही, म्हणून त्या दोन नळ्या उजव्या कर्णिकेच्या कडेलाच संपल्यासारख्या दिसतात. दिसते तेच लिहिले तर तीच चूक पुन्हा होते, जी यंत्राने केली होती.

नियमाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. वर्णन करणारा स्वतःच्या माहितीवर लिहू लागला तर चित्रात नसलेले त्यात घुसते. परीक्षेत ‘या भागाचे नाव काय’ असे विचारले असेल तर वर्णनातूनच उत्तर फुटते. आकृतीच चुकीची छापलेली असली तरी ती चूक लपून जाते. प्रश्नपत्रिकेतल्या आकृतीसाठी मी हा मुद्दा पूर्ण मान्य करते. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसाठी मात्र नाही. तिथे आकृती ही जोडणी शिकवण्यासाठीच छापलेली असते, आणि जोडणी चुकवून पाळलेली तटस्थता विद्यार्थिनीच्या कामाची नसते.

या वादातून गेल्या काही वर्षांत जी कामाची पद्धत रुळली ती अशी. लिहिण्याआधी फोटोत दोन प्रकारच्या रेषा वेगळ्या करायच्या. जिचे एक टोक नावाला टेकते ती निर्देशक रेषा, मग तिला बाणाचे टोक असो वा नसो. जो बाण पूर्णपणे नळीच्या आत आहे आणि ज्याच्या कुठल्याही टोकाला नाव नाही, तो प्रवाहाचा. मग मोजायचे. माझ्यासमोरच्या आकृतीत डावीकडे पाच आणि उजवीकडे सात, अशी बारा नावे होती, पण रेषांची टोके तेरा. ‘फुप्फुस शिरा’ या नावाची रेषा दोन फाट्यांत दुभंगलेली होती, म्हणून हिशेब जुळला. टोके नावांपेक्षा कमी भरली तर एखादी बारीक रेषा फोटो पाठवताना पुसली गेली आहे असे समजायचे, आणि त्या कोपऱ्याचा जवळून, वरून सरळ धरलेला दुसरा फोटो मागवायचा. बांधणीजवळ पान वळते तिथे रेषाही वळतात, त्यामुळे तिथला अंदाज कधीच धरू नये.

सर्वाधिक चुका फुप्फुस धमनी आणि फुप्फुस शिरा यांच्यात होतात. दोन्ही नावे एकाखाली एक, रेषा जवळजवळ समांतर, आणि दोन्ही नळ्या फुप्फुसाकडेच जाणाऱ्या. रंगावर जावे तर धमनी निळी आणि शिरा लाल, म्हणजे शरीरात इतरत्र असते त्याच्या उलट. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर तोही आधार नाही. इथे प्रवाहाचा बाण निर्देशक रेषेची साक्ष देतो. धमनीतला बाण हृदयापासून दूर जायला हवा आणि ती नळी मागे मागे गेल्यास उजव्या जवनिकेशी पोचायला हवी. शिरेतला बाण हृदयाकडे यायला हवा आणि नळी डाव्या कर्णिकेशी. ‘शिरा’ म्हणून जोडलेल्या नळीत बाहेर जाणारा बाण दिसला, तर जोडणी एक रेषा सरकली आहे. मग शेजारचीही तपासायची, कारण अशी चूक सहसा जोडीने होते.

क्रमही रक्ताचाच धरायचा, पानाचा नाही. रक्ताच्या वाटेने गेले की प्रत्येक नाव आधीच्या नावाला आपोआप जोडले जाते. बाजू सांगायची ती शरीराची, आणि हे सुरुवातीला एकदाच सांगून टाकायचे. चित्रात नसलेले काही घालावेच लागले तर ते वर्णनकाराचे आहे असे उघड लिहायचे. ‘दिसते तेच’ म्हणणाऱ्यांचा आग्रह या पद्धतीत एवढ्या एका अटीच्या रूपाने टिकला आहे. त्या आकृतीचे वर्णन शेवटी असे झाले:

‘मानवी हृदयाचा उभा छेद, समोरून. डावा-उजवा शरीराप्रमाणे. शरीराकडून येणारे रक्त वरून ऊर्ध्व महाशिरेतून आणि खालून अधो महाशिरेतून उजव्या कर्णिकेत येते. तिथून त्रिदल झडपेतून खाली उजव्या जवनिकेत. जवनिकेतून वर निघते फुप्फुस धमनी, बाण बाहेरच्या दिशेने. फुप्फुस शिरांमधले बाण आत येतात, आणि डाव्या बाजूच्या दोन शिरा डाव्या कर्णिकेत उघडतात. तिथून द्विदल झडपेतून खाली डाव्या जवनिकेत, आणि जवनिकेतून वर महाधमनीत. दोन जवनिकांमध्ये आंतरजवनिका पडदा. डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा जाड काढली आहे. उजव्या बाजूला आणखी दोन नळ्या आहेत, त्यांना नाव दिलेले नाही. चित्रात त्या उजव्या कर्णिकेच्या कडेशी थांबतात. वर्णनकाराची नोंद: याही फुप्फुस शिरा आहेत, आणि त्या मागून डाव्या कर्णिकेत जातात.’