शेवटची बाकी आणि रोजची बाकी: कार्डाचं व्याज नेमकं कशावर लागतं?

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर सगळ्यांत ठळक छापलेला आकडा म्हणजे एकूण देय रक्कम. बिल पूर्ण न भरता बाकी पुढे ढकलणारे बरेच जण व्याजाचा अंदाज याच आकड्यावरून बांधतात, आणि लागलेलं व्याज दुप्पट-तिप्पट निघालं की बँकेनं काहीतरी घोळ घातलाय असं म्हणतात. घोळ सहसा नसतो. ती रक्कम म्हणजे बिलिंग सायकल संपली त्या दिवशीची बाकी. व्याज लागतं ते त्या सायकलमध्ये दररोज जी बाकी होती तिच्यावर.

एक उदाहरण करून बघू. वार्षिक दर ३६.५ टक्के धरू, म्हणजे ३६५ ने भागल्यावर रोजचा दर बरोबर ०.१ टक्का येतो: हजार रुपयांना दिवसाला एक रुपया. सायकल ३० दिवसांची. मागच्या बिलातले ४०,००० रुपये थकलेले आहेत, नवी खरेदी काहीच नाही. २१ व्या दिवशी ३०,००० भरले. सायकल संपताना बाकी दिसते १०,०००.

या १०,००० वर ३० दिवसांचं व्याज काढलं तर ३०० रुपये येतात, आणि कार्डधारकाच्या डोक्यात हाच आकडा असतो. प्रत्यक्षात पहिले २० दिवस बाकी ४०,००० होती, म्हणजे रोज ४० रुपये याप्रमाणे ८०० झाले. पुढचे १० दिवस बाकी १०,०००, रोज १० रुपये, म्हणजे १००. एकूण व्याज ९०० रुपये. स्टेटमेंटमध्ये कधी कधी ‘रोजची सरासरी बाकी’ दिलेली असते. इथे ती ३०,००० असेल. तिला रोजच्या दरानं आणि ३० दिवसांनी गुणलं की तेच ९०० येतात. वाट वेगळी, मुक्काम एकच.

आता तेच ३०,००० सहाव्या दिवशी भरले असते तर? पाच दिवस ४० रुपयांनी २००, उरलेले २५ दिवस १० रुपयांनी २५०, मिळून ४५०. भरलेली रक्कम तीच, शेवटची बाकी तीच, व्याज निम्मं. म्हणून बाकी थकलेली असताना ‘ड्यू डेट अजून लांब आहे’ म्हणून हातातले पैसे थांबवून ठेवण्यात काही अर्थ नाही. ड्यू डेट सांभाळल्यानं लेट फी टळते, व्याज चालूच राहतं.

नव्या खरेदीलाही हीच मोजणी लागू होते. मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तर नव्या खरेदीवर ड्यू डेटपर्यंत बिनव्याजी मुदत मिळते. बाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर ती मुदतच जाते. अशा वेळी ११ व्या दिवशी ६,००० ची खरेदी केली तर त्याच दिवसापासून तिच्यावर रोज ६ रुपये चढायला लागतात आणि सायकल संपेपर्यंत २० दिवसांचे १२० होतात. नेमकी हीच रक्कम लोकांच्या हिशोबातून सुटते, कारण ‘हे तर या महिन्याचं, याला व्याज कसलं’ असं त्यांना वाटतं.

काही कार्डांवर रोजचं व्याज दुसऱ्या दिवशीच्या बाकीत मिळवलं जातं. ऐकायला भयंकर वाटतं, पण एका सायकलपुरता फरक किरकोळ असतो: ४०,००० वर ३० दिवसांचे १,२०० व्हायचे तिथे सुमारे १,२१८ होतात. व्याज अपेक्षेपेक्षा तिप्पट आलं असेल तर कारण इथे शोधू नका, पैसे कोणत्या तारखेला जमा झाले ते बघा.

या दोन बाक्यांमधली तफावत शेवटी एकदा डोकं वर काढते, तीही सगळं फेडल्यावर. पहिल्या उदाहरणात बिल आलं १०,९०० चं: १०,००० बाकी आणि ९०० व्याज. समजा पुढच्या सायकलच्या १६ व्या दिवशी, ड्यू डेटच्या आत, ते पैन् पै भरलं. तरी पुढच्या स्टेटमेंटवर १६३ रुपये ५० पैसे दिसतील. स्टेटमेंट निघालं तेव्हापासून पैसे जमा होईपर्यंत १५ दिवस गेले, आणि त्या दिवसांचं व्याज छापलेल्या आकड्यात येणं शक्यच नव्हतं. अनेकांना ही रक्कम चुकीची वाटते, ते ती भरत नाहीत, आणि तेवढ्यावरून लेट फीसुद्धा लागते. खातं खरोखर शून्यावर आणायचं असेल तर ज्या दिवशी भरणार त्या दिवसापर्यंतच्या व्याजासह होणारी रक्कम बँकेकडून विचारून घ्यावी आणि तीच भरावी.