पॉलिसी संपली, नव्वद दिवस उरले: नूतनीकरणाच्या संदेशामागचा इतिहास

मोटार पॉलिसीची मुदत जवळ आली की वाहनमालकाच्या फोनवर येणारा संदेश साधारणपणे तीन वाक्यांचा असतो. पहिल्यात पॉलिसी कोणत्या तारखेला संपते ते सांगितलेले असते, दुसऱ्यात मुदतीत नूतनीकरण न केल्यास वाहनाची तपासणी करावी लागेल असे असते आणि तिसऱ्यात नव्वद दिवसांनंतर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मिळणार नाही असा इशारा असतो. ही तीन वाक्ये एकाच नियमाचे तीन भाग आहेत असे वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ती तीन वेगवेगळ्या काळांतून आणि वेगवेगळ्या कारणांनी आलेली आहेत. ती एका दमात वाचल्यामुळेच ‘नव्वद दिवसांची सवलत आहे, सावकाश भरू’ हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज तयार होतो.

भारतात थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला तो १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने, मात्र त्यातील विम्याचे प्रकरण प्रत्यक्षात अमलात आले १ जुलै १९४६ पासून. रस्त्यावर वाहनाने दुसऱ्या कोणाला इजा झाली तर भरपाई देण्याची ऐपत मालकाकडे असेलच असे नाही, म्हणून त्यामागे विमा कंपनी उभी असली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. १९८८ च्या कायद्यात हीच सक्ती कलम १४६ मध्ये आली. विम्याशिवाय वाहन चालवण्याबद्दलचा दंड कलम १९६ मध्ये असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० रुपये आणि त्यापुढे ४,००० रुपये आहे. सोबत तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. काही संदेशांत या दंडाचाही उल्लेख आवर्जून असतो. माझ्या मते खरा धाक दंडाचा नसून अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या निवाड्याचा असायला हवा. पॉलिसी नसताना अपघातात कोणाचा मृत्यू झाला, तर भरपाईची संपूर्ण रक्कम मालकाच्या डोक्यावर येते आणि या रकमेला कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही.

आता सवलतीच्या मुदतीकडे वळू. आयुर्विम्याच्या हप्त्याला सवलतीचे दिवस असतात, हे घराघरांत माहीत असल्यामुळे मोटार विम्यालाही ते असणार असे गृहीत धरले जाते. मोटार पॉलिसी हा ठरावीक मुदतीचा करार आहे. शेवटच्या तारखेच्या मध्यरात्री तो संपतो आणि पुढची पॉलिसी हा नवा करार असतो. शिवाय १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ च्या दुरुस्तीने कलम ६४ व्हीबी घातले गेले. आधी संरक्षण द्यायचे आणि हप्ता सवडीने वसूल करायचा, या उधारीच्या व्यवहाराला त्याने चाप बसला. हप्ता हातात येईपर्यंत कंपनीने जोखीम स्वीकारायचीच नाही, असे हे कलम सांगते. हप्ता मनीऑर्डरने किंवा टपालाने पाठवलेल्या चेकने भरला असेल, तर मनीऑर्डर केल्याची किंवा चेक टपालात टाकल्याची तारीख धरता येते, एवढी मुभा त्यात आहे.

हे कलम किती पक्के आहे, ते २०२० च्या टाळेबंदीत दिसले. २५ मार्च ते १४ एप्रिल या काळात थर्ड पार्टी पॉलिसी संपणाऱ्यांना घराबाहेर पडणे अवघड होते, तरी कंपन्यांना आपल्या अधिकारात मुदत वाढवून देता येत नव्हती. त्यासाठी केंद्र सरकारला अधिसूचना काढावी लागली आणि २१ एप्रिलपर्यंत हप्ता भरल्यास संरक्षण अखंड धरले जाईल, असे त्यात सांगावे लागले. टाळेबंदी वाढल्यावर ही मुदत १५ मेपर्यंत नेण्यात आली. इतर वेळी अशी सूट नसते. त्यामुळे ‘एक-दोन दिवस चालतात’ असे सांगणाऱ्याच्या शब्दाला आधार नाही.

मग नव्वद दिवस आले कुठून? ते आले दरपत्रकातून. मोटार विम्याचे दर आणि अटी पूर्वी टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी देशभरासाठी एकसारख्या ठरवत असे. तिच्या २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये नो क्लेम बोनसच्या पायऱ्या दिल्या आहेत: एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के. ही सवलत फक्त स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळते. पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण झाले तरच बोनस पुढे चालतो, असे त्याच नियमात म्हटले होते. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली, तरी बोनसच्या या पायऱ्या आणि नव्वद दिवसांची अट व्यवहारात टिकून राहिली. म्हणजे ही मुदत संरक्षणाची नाही, केवळ सवलतीच्या हक्काची आहे. त्या दिवसांत बोनस जिवंत असतो, विमा मात्र संपलेला असतो.

तपासणीचा उगम याहून वेगळा आहे. त्यामागे पॉलिसी नेमकी कोणत्या क्षणी सुरू होते, हा जुना वाद आहे. अपघात झाल्यावर त्याच दिवशी धावतपळत पॉलिसी घ्यायची आणि मग क्लेम करायचा, अशी प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली. १९९० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पॉलिसीवर केवळ तारीख असेल तर ती त्या दिवसाच्या सुरुवातीपासून, म्हणजे आदल्या मध्यरात्रीपासून लागू धरावी. त्यानंतर कागदावर तास आणि मिनिटे घालण्याला महत्त्व आले, आणि वेळ स्पष्ट लिहिली असेल तर संरक्षण त्या वेळेपासूनच सुरू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या काही वर्षांत मान्य केले. त्या काळातील एका प्रकरणात १० डिसेंबर १९९१ रोजी दुपारी २ वाजून २० मिनिटांनी अपघात झाला होता आणि कव्हर नोट, म्हणजे पॉलिसी हाती येण्याआधीचा विम्याचा तात्पुरता दाखला, निघाली होती २ वाजून ५५ मिनिटांनी. पस्तीस मिनिटांच्या फरकाने कंपनी सुटली आणि भरपाई मालकावर गेली.

घड्याळाच्या या नोंदीने थर्ड पार्टीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो, कारण रस्त्यावरच्या अपघाताची वेळ पोलिसांच्या कागदांत असते. बंपरला पडलेल्या पोचाची वेळ मात्र कुठेच नोंदलेली नसते. पॉलिसी बंद असलेल्या आठवड्यात दार चेपले की नव्या पॉलिसीच्या दुसऱ्या दिवशी, हे दाराकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून खंड पडलेल्या वाहनाला ओन डॅमेजचे संरक्षण देण्यापूर्वी ते आहे तसे पाहून ठेवणे, हा विमा कंपन्यांचा रिवाज झाला. यालाच या धंद्यात ब्रेक-इन इन्स्पेक्शन म्हणतात. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी घ्यायची असेल तर सहसा तपासणी लागत नाही, कारण कंपनी तुमच्या दाराचे पैसे देणारच नसते.

पूर्वी यासाठी सर्व्हेयर येत असे. चॅसिस क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवून तिच्यावर पेन्सिल घासून ठसा घेणे, ओडोमीटरचे आकडे टिपणे, काचेवर कुठे तडा आहे का ते आतून पाहणे आणि प्रत्येक पत्र्यासमोर ‘ठीक’, ‘ओरखडा’ किंवा ‘पोचा’ असे लिहिणे, असा तो क्रम असे. आता बहुतेक कंपन्या एक दुवा पाठवतात आणि मालकाने स्वतःच गाडीभोवती फिरून चित्रीकरण करायचे असते. तपासायच्या गोष्टी मात्र त्याच राहिल्या आहेत. चित्रीकरण नाकारले जाते ते बहुधा साध्या कारणांनी: गाडी धुतलेली नसते, पावसाचे थेंब ओरखडे झाकतात, अंधार असतो, किंवा चॅसिस क्रमांक अस्पष्ट येतो. आधीचे नुकसान आढळले म्हणून विमा नाकारलाच जातो असे नाही. ते अहवालात नोंदवून त्या भागापुरता क्लेम वगळला जातो. अहवालाची वैधता थोडी असते, काही कंपन्यांत अवघी एक-दोन दिवसांची, आणि तेवढ्यात हप्ता भरला नाही तर पुन्हा चित्रीकरण करावे लागते.

हे सारे एका उदाहरणात पाहू. एका मोटारीची सर्वसमावेशक, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेली पॉलिसी १४ जूनच्या मध्यरात्री संपते. बोनस धरण्यापूर्वी तिचा ओन डॅमेजचा हप्ता ९,००० रुपये आहे आणि पाच वर्षे क्लेम नसल्याने मालकाला ५० टक्के बोनस लागू आहे. १४ जूनपर्यंत त्याने ४,५०० रुपये अधिक थर्ड पार्टीचा हप्ता आणि कर भरला, तर तपासणी नाही, अगदी कंपनी बदलली तरीही सहसा नाही. समजा, तो २० जूनला भरायला गेला. बोनस पूर्ण मिळेल, हप्ता तोच राहील, पण आधी तपासणी होईल. १७ जूनला वाहनतळात मागचे दार चेपले असेल, तर तो खर्च त्याचाच, आणि त्या दिवसांत कोणाला धडक बसली असेल तर ती भरपाईही त्याचीच. नव्वदावा दिवस १२ सप्टेंबरला येतो. तो उलटल्यावर गेला, तर तपासणी आहेच, शिवाय ४,५०० ऐवजी पूर्ण ९,००० रुपये, आणि पुन्हा ५० टक्क्यांवर पोहोचायला क्लेमविना पाच वर्षे. झीरो डेप्रिसिएशनसारखे, म्हणजे क्लेममधून सुट्या भागांचा घसारा न कापणारे, जोडसंरक्षण अशा खंडानंतर मिळेल की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर राहते.

खंड नसतानाही तपासणी लागण्याचे काही प्रसंग आहेत आणि संदेशात ते क्वचितच सांगितले जातात. आधी केवळ थर्ड पार्टी असताना आता सर्वसमावेशक पॉलिसी हवी असेल, तर ओन डॅमेजच्या बाबतीत ते वाहन कंपनीसाठी नवेच असते. आधी नसलेले झीरो डेप्रिसिएशन आता घ्यायचे असेल तेव्हाही अनेक कंपन्या वाहन पाहतात. हप्त्याचा चेक न वटल्यामुळे पॉलिसी रद्द झाली, तर मालकाच्या लेखी सारे वेळेवर झालेले असते, पण कंपनीच्या लेखी खंड पडलेला असतो.

गेल्या काही वर्षांत यात आणखी एक गुंता आला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून ओन डॅमेजची पॉलिसी स्वतंत्रपणे घेता येते. त्यामुळे एकाच वाहनाच्या दोन भागांच्या शेवटच्या तारखा वेगळ्या असू शकतात. दुसऱ्या वर्षी ‘आपली पॉलिसी संपली आहे’ असा मोघम संदेश आला, तर त्या मालकाने रस्त्यावर विमा नसलेले वाहन चालवले असे होत नाही. थर्ड पार्टी चालूच असते, आणि खंड फक्त ओन डॅमेजला पडलेला असतो, ज्यासाठी तपासणी लागेल. उलट, थर्ड पार्टीची तीन वर्षे संपली हे लक्षात न येता केवळ ओन डॅमेजचेच नूतनीकरण करू पाहणाऱ्याला ते करता येत नाही, कारण स्वतंत्र ओन डॅमेज पॉलिसीसाठी थर्ड पार्टी विमा चालू असावा लागतो. म्हणून संदेश हाती आल्यावर पहिल्यांदा पॉलिसीच्या कागदावर दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या पाहाव्यात, आणि संदेश यांपैकी कोणत्या तारखेबद्दल बोलतो आहे ते कंपनीला विचारून घ्यावे.