आजोबांची पत्रं, आजीचे शब्द : कथेची पार्श्वभूमी

माझ्या कथेतला नातू आजोबांची हिंदी प्रेमपत्रं आजीला मराठीत करून सांगतो. नागपूरच्या बाईला हिंदीचा अनुवाद कशाला हवा, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर १९५६ मध्ये आहे.

तोवर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. सचिवालयात हिंदी आणि मराठी माणसं शेजारी बसून काम करत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं मांडली गेली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेलं. फायलींबरोबर कारकूनही हलले. कथेतले आजोबा त्यांतलेच. ते छिंदवाड्याचे, हिंदी शाळेत शिकलेले. लग्नाला वर्षच झालेलं, भोपाळात घर मिळेना, म्हणून आजी माहेरी, नागपूरच्या महाल भागात राहिली. पत्रं सुरू झाली ती तिथून.

इतवारीत भाव करायला लागणारी हिंदी आजीला येत होती. पण घरी ‘पढ़ाई’, ‘कोशिश’ म्हणणारा नवरा कागदावर मात्र शाळेत शिकलेली संस्कृतवळणाची हिंदी लिही. लिपी दोघांची एकच, देवनागरी. फसगत तिथंच होते, कारण अक्षर लागलं की अर्थही लागला असं वाटतं.

एका पत्रात ओळ आहे : ‘तुम्हारी शिक्षा मेरे कारण अधूरी रही। उसे पूरी कराने की चेष्टा करूँगा।’ मूळ संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणं आणि ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल, प्रयत्न. हिंदीनं ते अर्थ राखले. मराठीत पहिलीचा दंड झाला, दुसरीची टिंगल. मॅट्रिक राहून गेलेल्या आजीनं त्या ओळीत दंड आणि टिंगलच वाचली. मनाला लागलं, पण तिनं विचारलं नाही. आजोबा परतले, संसार झाला, ते गेलेही.

आजीचे डोळे मी काचबिंदूनं घालवले, ते जाणूनबुजून. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रिया करून तिनं पत्रं पुन्हा स्वतःच वाचली असती, आणि पुन्हा तशीच. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. म्हणून ती ओळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची वेळ आली.

नातू वाचतो : ‘तुझं शिकणं माझ्यामुळे अर्धवट राहिलं. ते पुरं व्हावं म्हणून मी झटेन.’

‘पुन्हा वाच ना बाप्पा,’ आजी म्हणते.

मग ‘तुम ही मेरा संसार हो’ येतं. हिंदीत संसार म्हणजे जग. नातू ‘तूच माझं जग’ म्हणायला जातो आणि आजी त्याला अडवते.

‘तो शब्द राहू दे. तो मले तेव्हाच समजला होता.’