शेतीचं उत्पन्न करमुक्त, मग पगारावरचा कर का वाढला?

समजा, निफाडला एक शिक्षिका आहेत. पगार वर्षाला ११ लाख ७५ हजार. नव्या करप्रणालीतली ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न उरतं ११ लाख. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्यावर येतो, म्हणून शाळेनेही पगारातून काही कापलेलं नाही. घरची द्राक्षबाग त्यांच्याच नावावर आहे आणि खर्च वजा जाता तिने यंदा ६ लाख दिले. शेतीचं उत्पन्न करमुक्त, हे त्यांना पक्कं माहीत आहे. जुलैत विवरणपत्र भरायला बसतात, तर भरायचा कर दिसतो ४१,६०० रुपये.

ही चूक नाही. बागेच्या ६ लाखांवर सरकारने एक रुपयाही कर लावलेला नाही. ४१,६०० हा सगळा पगारावरचा कर आहे. बागेने फक्त पगाराचा दर ठरवला. या पद्धतीला अंशतः एकत्रीकरण म्हणतात, आणि करसल्लागार सर्रास ‘पार्शियल इंटिग्रेशन’ म्हणतात.

तिचं मूळ राज्यघटनेत आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांकडे आहे. केंद्राला शेती सोडून इतर उत्पन्नावरच कर लावता येतो. यातून एक जुनी विषमता तयार झाली होती. एकाची कमाई १७ लाख, सगळी पगाराची. दुसऱ्याचीही १७ लाख, पण त्यातले ६ लाख शेतीचे. कर भरायची ऐपत दोघांची सारखीच, तरी दुसऱ्याचा पगार जणू तेवढीच त्याची कमाई आहे असं धरून खालच्या दरांत बसायचा. १९७२ साली अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या समितीने शेतीच्या संपत्तीवरील व उत्पन्नावरील कराचा विचार केला. त्यानंतर १९७३च्या वित्त कायद्याने हा मार्ग काढला: शेतीला हात लावायचा नाही, पण माणसाची एकूण ऐपत बघून बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवायचा.

कराचे टप्पे हा एक जिना आहे असं समजा. नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाखांना कर नाही. ४ ते ८ लाखांच्या पायरीला ५ टक्के, ८ ते १२ला १०, १२ ते १६ला १५, १६ ते २०ला २०, २० ते २४ला २५ आणि त्यावर ३०. शिक्षिकेच्या पगारातले पहिले ४ लाख बिनकराच्या पायरीवर बसतात. उरलेले ७ लाख एरवी ४ ते ११ लाखांच्या जागेत बसले असते. पण आता त्या दोघांच्या मध्ये बागेचे ६ लाख येऊन बसतात आणि ४ ते १० लाखांची जागा व्यापतात. तिथला कर माफ आहे. मात्र पगाराचे ७ लाख वर सरकतात, १० लाखांपासून १७ लाखांपर्यंत. त्यातल्या २ लाखांवर १० टक्के म्हणजे २० हजार, ४ लाखांवर १५ टक्के म्हणजे ६० हजार आणि शेवटच्या लाखावर २० टक्के म्हणजे २० हजार. एकूण १ लाख.

कायद्यात हेच वजाबाकीच्या भाषेत लिहिलेलं आहे. आधी शेती आणि इतर उत्पन्न मिळून १७ लाखांवर कर काढायचा. तो येतो १ लाख ४० हजार. मग शेतीच्या ६ लाखांत करमुक्त मर्यादेचे ४ लाख मिळवून १० लाखांवर कर काढायचा; तो ४० हजार. पहिल्यातून दुसरा वजा केला की १ लाख. दुसऱ्या वेळी ते ४ लाख का मिळवायचे, हा प्रश्न मला अगदी योग्य वाटतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. ते मिळवले नसते, तर शेतीनेच बिनकराची पायरी अडवली असती आणि पगाराला तिचा फायदा मिळालाच नसता. ते ४ लाख मिळवल्यामुळे करमुक्त मर्यादा इतर उत्पन्नाच्याच वाट्याला राहते.

आता १ लाखातून रिबेट वजा होतं, आणि पुष्कळ जण इथेच फसतात. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे बोलायला सोपं वाक्य आहे. कायदा म्हणतो की करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर करातून जास्तीत जास्त ६० हजार माफ. एरवी १२ लाखांवरचा कर बरोबर ६० हजारच होतो, म्हणून दोन्ही वाक्यं सारखी वाटतात. शेती मधे आली की ती वेगळी होतात. शिक्षिकेचं करपात्र उत्पन्न ११ लाखच आहे, त्यामुळे रिबेट मिळतं, पण ६० हजारांचंच. उरले ४० हजार, त्यावर ४ टक्के उपकर १,६००.

बागेचं उत्पन्न दीड लाखापर्यंत असतं, तर याच पगारावर कर शून्य राहिला असता, कारण तोवर पगारावरचा कर ६० हजारांच्या वर जात नाही. उलट बागेचे ६ लाखही पगारासारखेच करपात्र असते, तर १७ लाखांवर रिबेट मिळालं नसतं आणि उपकरासह १,४५,६०० भरावे लागले असते.

ही पद्धत सगळ्यांना लागत नाही. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजारांपेक्षा जास्त आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर, या दोन्ही अटी जुळाव्या लागतात. शिवाय ती व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब अशांसाठी आहे. कंपनी आणि भागीदारी संस्थांना मुळात सपाट दर असल्याने त्यांना लागू नाही. ज्याची ४० लाखांची कमाई फक्त शेतीची आहे, त्याला केंद्राचा आयकर आजही शून्यच. ऐपत बघून कर घ्यायचा हा विचार तिथवर पोचलेला नाही, आणि माझ्या मते ही या पद्धतीची सर्वात मोठी उणीव आहे.

शेतीचं उत्पन्न कशाला म्हणायचं, हेही आधी तपासावं. दूधधंदा आणि कुक्कुटपालन यांचं उत्पन्न शेतीचं धरत नाहीत, ते सरळ करपात्र. रोपवाटिकेतल्या रोपांचं मात्र शेतीचंच. आणि आकडा व्यापाऱ्याच्या विक्रीपट्टीवरचा लिहायचा नाही. औषधं, खतं, मजुरी, छाटणी, पॅकिंग वजा करून उरतं ते निव्वळ उत्पन्न, आणि दर त्यावरच ठरतो.

विवरणपत्रात हे Schedule EI या करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात जातं. शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर ITR-1 चालत नाही. ५ लाखांच्या वर असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, एकर, मालकीची की खंडाने घेतलेली, बागायती की जिरायती, हेही भरावं लागतं. हिशेबाच्या पानावर `Rebate on agricultural income` अशी ओळ दिसते. शिक्षिकेच्या बाबतीत तिथे ४० हजार यायला हवेत. तिथे शून्य असेल, तर शेतीचा आकडा दरासाठी धरलाच गेलेला नाही. हा कर शाळा कापत नाही, कारण तिला बाग ठाऊक नसते. म्हणून तो आगाऊ कराच्या हप्त्यांत, शेवटचा १५ मार्चपर्यंत, स्वतः भरावा लागतो. रक्कम १० हजारांवर असून भरली नाही तर व्याज लागतं.

एक गोष्ट गारपिटीच्या वर्षासाठी. शेतीचा तोटा पगारातून वजा होत नाही, पण विवरणपत्रात दाखवून निश्चित झालेला असेल तर पुढची ८ वर्षं शेतीच्याच उत्पन्नातून वजा करता येतो. याच शिक्षिकेने आदल्या वर्षीचा ३ लाखांचा तोटा तेव्हाच दाखवला असता, तर दरासाठी बागेचे ३ लाखच धरले गेले असते. १४ लाखांवरचे ९० हजार, वजा ७ लाखांवरचे १५ हजार, त्यातून रिबेटचे ६० हजार गेले की १५ हजार, आणि उपकर धरून १५,६००.