बाहेर आलेल्या कानांची शस्त्रक्रिया: कानाच्या घडीचा शोध

1881 साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड एली या सर्जनकडे बारा वर्षांचा एक मुलगा आला. त्याला कानाचा काही आजार नव्हता. कान बाहेर आलेले होते आणि शाळेतली मुलं त्यावरून चिडवत होती, एवढंच दुखणं. एलीने कानामागची त्वचा आणि कूर्चेची, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या लवचीक भागाची, एक पट्टी कापून कान डोक्याकडे ओढून घेतले. केवळ रूपासाठी केलेली ही पहिली ऑटोप्लास्टी, म्हणजे कानाचा आकार सुधारणारी शस्त्रक्रिया, मानली जाते.

पण त्वचा ताणते आणि कूर्चा मुळात लवचीक, त्यामुळे नुसत्या त्वचेच्या ओढीवर बसवलेला कान हळूहळू पुन्हा बाहेर येतो. कान मुळात बाहेर का असतात, याचं खरं कारण 1910 मध्ये विल्यम लकेट यांनी दाखवलं. कानाच्या बाहेरच्या कडेला समांतर, थोडी आत एक उंचवटेदार घडी असते, आणि बाहेर आलेल्या बहुतेक कानांत ती नीट पडलेलीच नसते. लकेट यांनी कूर्चा कापून ती घडी घातली. कान मागे गेला, पण जाड पुठ्ठा मोडल्यावर पडते तशी धारदार रेघ त्यावर उठून दिसू लागली.

1963 मध्ये मुस्तार्दे यांनी कूर्चा न कापता मागून टाके घालून ती गोलाईने वळवली. मला हाच या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो, कारण नैसर्गिक दिसणारा कान इथून शक्य झाला. घडी ठीक असून कानाची मधली वाटीच खोल असेल, तर 1968 मध्ये फर्नास यांनी सांगितल्याप्रमाणे ती वाटी कानामागच्या हाडावरच्या आवरणाला टाक्यांनी बांधतात. पुष्कळांना दोन्ही लागतं.

निकाल कसा ओळखायचा? समोरून पाहा. कानाची बाहेरची कड आतल्या घडीच्या किंचित पलीकडे दिसली पाहिजे. कड घडीमागे लपली, तर कान जास्तच दाबला गेला आहे. मधला भाग आत आणि वरचा-खालचा बाहेर राहिला, तर कान जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा दिसतो.

वयाचं गणितही कूर्चेवरच आहे. पाच-सहा वर्षांपर्यंत कान बराचसा पूर्ण वाढलेला असतो आणि कूर्चा अजून मऊ असते, म्हणून शस्त्रक्रिया साधारण तेव्हापासून करतात. मोठ्यांनाही करता येते, फक्त त्यांची कूर्चा ताठ असल्याने टाक्यांवर ताण जास्त येतो. नवजात बाळाची कूर्चा पहिले काही आठवडे इतकी मऊ असते की साच्याने आकार देऊन शस्त्रक्रिया टाळता येते. ही संधी पुष्कळदा हुकते, याची खंत वाटते.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस ते आठवडाभर पट्टी असते, मग साधारण महिना-दीड महिना झोपताना डोक्याला पट्टा बांधतात, म्हणजे कान उशीत दुमडत नाही. सूज आणि बधिरपणा ओसरायला काही आठवडे ते महिने जातात. पहिल्या दिवसांत एकाच कानात ठणका वाढत गेला, तर आत रक्त साकळल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी पट्टी उघडून घ्यावी. ते रक्त काढलं नाही तर कूर्चेचं कायमचं नुकसान होतं.