निकाल आधी, गृहीतक नंतर

बायकांसोबत जेवायला बसलेले पुरुष ९३ टक्के जास्त पिझ्झा खातात, ही बातमी २०१५ साली जगभर फिरली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॉनसिंक यांच्या गटाचा तो शोधनिबंध होता. कारणही तयार होतं: पुरुष खाऊन आपली ताकद दाखवतात, तो उत्क्रांतीचा वारसा आहे. निबंध वाचून असंच वाटतं की हा तर्क मनात धरून प्रयोग आखला गेला.

पुढच्याच वर्षी वॉनसिंक यांनी स्वतःच लिहिलं ते वेगळं होतं. एका इटालियन बुफेत महिनाभर काही गिऱ्हाइकांना निम्मा दर लावून प्रयोग केला होता आणि त्यातून काहीच निष्पन्न झालं नव्हतं. मग आलेली माहिती त्यांनी एका तरुण संशोधक विद्यार्थिनीला दिली आणि यातून काहीतरी काढ असं सांगितलं. पुरुष, बायका, दुपारी आलेले, रात्री आलेले, एकटे बसलेले, दोघं-दोघं आलेले, बुफेजवळ बसलेले, लांब बसलेले, असे गट पाडून बघ, ही यादी त्यांच्या ईमेलमधून पुढे उघड झाली. त्या एका फसलेल्या प्रयोगातून चार निबंध निघाले.

यात बिघडलं काय? आकडे तर खोटे नव्हते, असं कुणी म्हणेल. म्हणून संशोधनात निकाल पारखायला वापरतात त्या ‘पाच टक्क्यां’चा अर्थ नीट बघू. ‘निकाल सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय आहे’ याचा अर्थ साधारण असा: दोन गटांत खरा फरक नसेल, तर एवढा मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. हे गणित एकाच, आधी ठरवलेल्या तुलनेसाठी आहे. आता समजा दहा गट पाडले आणि प्रत्येकात पाच गोष्टी मोजल्या: किती तुकडे घेतले, किती फेऱ्या मारल्या, गोड घेतलं का, वगैरे. झाल्या पन्नास तुलना. कुठेच खरा फरक नसला तरी सरासरी अडीच तुलना ‘लक्षणीय’ निघतील. त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरलं, तर एकही न निघण्याची शक्यता ०.९५ चा पन्नासावा घात, म्हणजे जेमतेम आठ टक्के. प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा बदलेल, पण काहीतरी सापडणार हे जवळपास ठरलेलंच.

वाचकाला मात्र पन्नासपैकी एकच तुलना दिसते, आणि ‘आमचं गृहीतक असं होतं’ हे वाक्य दिसतं. तो मनात पाच टक्क्यांचा हिशोब करतो. उरलेल्या एकोणपन्नासांचा पत्ताच नसल्याने हिशोब दुरुस्त करायचा कसा, हे कितीही हुशार वाचकाला कळणार नाही. निकाल बघून गृहीतक रचायचं आणि ते आधीचंच होतं असं दाखवायचं, या प्रकाराला नॉर्बर्ट कर या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये ‘हार्किंग’ असं नाव दिलं.

मला त्याहून गंभीर वाटतं ते हे की असं गृहीतक कधी पणाला लागतच नाही. बायकांसोबत पुरुष कमी खाताना दिसले असते, तर ‘छाप पाडायला संयम दाखवतात’ हेही तितकंच पटलं असतं, आणि तेही उत्क्रांतीच्याच नावावर खपलं असतं. निकाल उलटा आला तरी जो सिद्धांत टिकतो, त्याला त्या निकालाचा आधार कसला?

राशिभविष्य असंच चालतं. हृदयविकाराच्या झटक्यावरच्या ‘आयसिस-२’ चाचणीत (१९८८) सतरा हजारांवर रुग्ण होते आणि ॲस्पिरिनमुळे मृत्यू स्पष्ट घटले. पण जन्मराशीनुसार गट पाडले तेव्हा मिथुन आणि तूळवाल्यांना फायदा दिसेना. संशोधकांनी हे मुद्दाम छापलं, गट पाडत बसलं की काय काय सापडतं ते दाखवायला. शोधणं वाईट नाही, ‘हे नंतर सापडलं, नव्या रुग्णांवर तपासा’ एवढं सांगायला हवं.

आधी काय ठरलं होतं ते बाहेरून कळण्यासाठी पूर्वनोंदणी असते: काय तपासणार आणि फायदा कोणत्या मोजमापावर ठरवणार, म्हणजे मुख्य निकष कोणता, हे चाचणी सुरू होण्याआधीच जाहीरपणे नोंदवून ठेवायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेच्या पैशांवर झालेल्या मोठ्या चाचण्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये तपासल्या. २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता, मुख्य निकष आधी जाहीर करणं रूढ झाल्यानंतरच्या २५ पैकी फक्त दोनमध्ये.

भारतात औषधचाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदणीत होते, २००९ पासून ती सक्तीची आहे, आणि संकेतस्थळ कुणालाही उघडता येतं. नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेण्याच्या आधीची आहे का ते बघा, मग तिथला मुख्य निकष निबंधातल्या मुख्य निकषाशी ताडून पाहा. निबंधात नोंदणी क्रमांक असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे. मात्र निकष ‘तब्येतीत सुधारणा’ असा मोघम लिहिला असेल, तर त्या नोंदीआडही नंतर हवं ते घुसवता येतं.